पानावर 8 जीबी रॅम, 3 जीबी व्हीरॅम. मग मॉड घातलेलं स्कायरिम माझ्या 16 आणि 6 मध्ये का मावत नाही?

रानवारा

नमस्कार मंडळी. दोन आठवडे एकाच गोष्टीवर डोकं लावतोय, आता इथे विचारतो.

स्कायरिम स्पेशल एडिशन, म्हणजे 2016 ची 64 बिट आवृत्ती. गेमच्या पानावर रॅम 8 जीबी लिहिली आहे आणि शिफारस केलेलं कार्ड जीटीएक्स 780, 3 जीबीचं. माझा लॅपटॉप आरटीएक्स 3060 चा आहे. व्हीरॅम 6 जीबी, रॅम 16 जीबी. म्हणजे सांगितल्याच्या दुप्पट सगळं. मॉड 430 च्या आसपास, मॉड ऑर्गनायझरचं फोल्डर 180 जीबी. पडदा साधा 1080p.

त्रास असा. रिव्हरवूडमध्ये, जंगलात, 60 एफपीएस मिळतात. व्हाइटरनच्या बाजारात शिरलो की 24-25, आणि मान वळवली की चित्र अर्धा सेकंद गोठतं. त्यात 30-40 मिनिटांनी गेम सरळ डेस्कटॉपवर. संदेश नाही, काही नाही. बहुतेक वेळा फास्ट ट्रॅव्हल करताना.

सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे क्रॅशच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये रॅम 15.8 पैकी 12.9 वापरात दिसते. तीन जीबी मोकळी आहे! मग मेमरी कमी पडते असं का म्हणायचं? प्रत्येक मॉडच्या पानावरची Requirements वाचली, त्यात मेमरीबद्दल एक शब्द नाही.

---

भीमाकाठ

रॅम वाढव भावा. 16 आता पुरत नाही, 32 टाक. मी इथे सोलापुरात मित्रांना पीसी जोडून देतो, मॉडवाल्या पोरांना सरळ 32 च सांगतो. दोन जणांचं स्कायरिम असंच बंद पडत होतं, 32 केल्यावर थांबलं. मॉड म्हणजे शेवटी मेमरीच खातात, तिसरं काही नाही.

---

धुळेकर

माझ्या लॅपटॉपवर पण हाच प्रॉब्लेम आहे, पण मेमरी तर भरपूर आहे, 1 टीबी पैकी 600 जीबी रिकामी. तरी गेम अडखळतो. मग 180 जीबीचं फोल्डर त्यात आरामात मावतंय ना? की सी ड्राइव्हवरच ठेवायला पाहिजे?

---

रानवारा

@धुळेकर, ती साठवणुकीची जागा झाली दादा, एसएसडीची. मी रॅम आणि ग्राफिक्स कार्डावरच्या मेमरीबद्दल विचारतोय. 180 जीबी डिस्कवर मावतात, त्याची अडचण नाही.

@भीमाकाठ, 32 करायला हरकत नाही, पण मग तीन जीबी मोकळी असताना का पडतो? ते कळल्याशिवाय पैसे घालवायचे नाहीत.

---

मीनल_टी

रानवारा, तुला दोन वेगळे आजार आहेत आणि तू ते एक समजतोयस. बाजारात अडखळणं हा एक. फास्ट ट्रॅव्हलला पडणं हा दुसरा. औषधंही वेगळी आहेत. मी पोटासाठी टेक्स्चर बनवते आणि स्कायरिमला मॉड घालते आहे 2012 पासून, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा ते 3 जीबी. तो आकडा ज्या गेमसाठी लिहिला आहे तो गेम तू खेळतच नाहीयेस. मूळ स्कायरिम 2011 चं, एक्सबॉक्स 360 वर चालवायचं म्हणून बांधलेलं. त्या यंत्रात सगळी मिळून 512 एमबी मेमरी. तिथल्या कलाकारांना प्रत्येक भिंतीला, प्रत्येक टोपलीला हिशोब लावून दिलेला असतो, आणि सगळ्यांच्या वर एक माणूस बसलेला असतो जो बेरीज करतो. स्पेशल एडिशनमध्ये तो हिशोब सैल झाला, तरी हिशोब होताच. तुझ्याकडे 430 मॉड आहेत. प्रत्येकाच्या कर्त्याने आपापलं मॉड आपल्या यंत्रावर एकटं चालवून बघितलं, आणि तिथे ते छान चाललं. बेरीज करणारं कोणी नाही. मॉडच्या पानावरचं Requirements म्हणजे "हे चालायला दुसरी कोणती मॉड लागतात" एवढंच, तिथे मेमरी शोधू नकोस.

आता हिशोब कसा फुगतो ते एकाच वस्तूवर बघ. काल रात्री तुझ्यासाठी एक लोकप्रिय प्रकारचं "सगळी भांडीकुंडी 4K" मॉड उघडून बसले. त्यात लाकडी डाव आहे, खानावळीत चुलीजवळ टांगलेला असतो तो. त्याला दोन टेक्स्चर: एक रंगाचं, एक `_n.dds`, म्हणजे पृष्ठभागाच्या उंचसखलपणाचं. दोन्ही 4096 × 4096. BC7 मध्ये दाबलेलं टेक्स्चर एका पिक्सेलला एक बाइट घेतं, म्हणजे 16 एमबी. त्याच्या पाठोपाठ लहान होत जाणाऱ्या प्रती असतात, मिपमॅप, त्यांचा आणखी एक तृतीयांश. झाले 21.3 एमबी. दोन मिळून 42.7.

एका डावाला 42.7 एमबी. आणि मी खानावळीत त्याच्यासमोर उभी राहून पडद्यावर मोजला, तर साधारण 90 पिक्सेल लांब आणि 20 रुंद. तुझा अख्खा 1080p पडदाच जेमतेम 20 लाख पिक्सेलचा, आणि त्या डावाच्या एका टेक्स्चरमध्ये 1 कोटी 67 लाख आहेत.

तोच डाव 512 वर आणला तर दोन्ही टेक्स्चर मिळून 0.67 एमबी. चौसष्टपट कमी, आणि डोळ्याला फरक नाही.

---

सह्यकडा

मीनलताई, एक शंका. लांबून बघताना कार्ड लहान मिपच वापरतं ना? मग मोठी प्रत मेमरीत कशाला येईल? आणि आफ्टरबर्नरमध्ये "6 पैकी 5.8" दिसलं म्हणून व्हीरॅम संपली असं लगेच धरू नये. ड्रायव्हर मिळेल तेवढी जागा धरून ठेवतो. माझ्या 12 जीबीच्या कार्डावर हेच स्कायरिम 9 दाखवतं आणि भावाच्या 8 च्या कार्डावर 7. दोन्हीकडे गुळगुळीत चालतं.

---

मीनल_टी

सह्यकडा, दुसरा मुद्दा बरोबर आहे. भरलेला आकडा म्हणजे गरज नव्हे. म्हणून मी तो आकडा एकटा कधीच बघत नाही, पुढे सांगते.

पहिल्याबद्दल: रंगवताना लहान मिप वाचलं जातं हे खरं, पण मोठी प्रत मेमरीत बसलेलीच असते. हे घरी तपासता येतं. एकच सेव्ह, एकच जागा, कॅमेरा न हलवता. टेक्स्चर 4K ठेवून आकडा लिहा. मग तीच टेक्स्चर 1K करून तोच सेव्ह उघडा. पडद्यावर चित्र तेच दिसतं आणि मेमरी धाडकन खाली येते. लांबचं म्हणून लहानच प्रत चढली असती तर आकडा हलला नसता.

रानवारा, आता तू हे कर. टास्क मॅनेजर, Performance, मग GPU. खाली दोन आलेख आहेत, `Dedicated GPU memory` आणि `Shared GPU memory`. रिव्हरवूडमध्ये दोन्ही लिही, व्हाइटरनच्या बाजारात दोन्ही लिही. नंतर डावीकडे Memory वर जा आणि `Committed` हा आकडा बघ. तो दोन भागांत असतो, तिरकी रेघ मारून. फास्ट ट्रॅव्हलच्या आधी तो लिही.

---

शहरवेडा

विषय थोडा वेगळा, पण राहवत नाही. मी सिटीज स्कायलाइन्स खेळतो, पहिला, 2015 चा. आला तेव्हा किमान रॅम 4 जीबी लिहिली होती. वर्कशॉपमधून इमारती, झाडं, गाड्या घेत घेत माझं शहर आता 32 जीबी यंत्रावर 27-28 पर्यंत जातं. सुरुवातीला मला वाटायचं शहर मोठं झालं म्हणून. तसं नव्हतं. रिकामा नकाशा उघडला तरी तेवढीच खायचा, कारण तो सगळी ॲसेट आधीच चढवतो, वापरा की न वापरा.

मला वाचवलं लोडिंग स्क्रीन मॉडने. एकाच कर्त्याच्या दहा इमारती असल्या की दहांच्या पोटात तेच विटांचं टेक्स्चर दहा वेळा असतं. ते मॉड अशा जुळ्या प्रती ओळखून एकच ठेवतं. त्यानंतर माझे काही जीबी सुटले. स्कायरिममध्ये असं काही होतं का?

---

मीनल_टी

शहरवेडा, तुमचा मुद्दा बाहेरचा नाही, नेमका इथलाच आहे.

स्कायरिम टेक्स्चर फाइलच्या वाटेवरून ओळखतं. दोन वस्तू एकाच वाटेकडे बोट दाखवत असतील तर टेक्स्चर एकदाच चढतं. मूळ गेम यावरच जगतो. नॉर्ड, इम्पीरियल, ब्रेटन, कुठल्याही साध्या मानवी बाईच्या शरीराला तेच टेक्स्चर. बाजारात दहा बायका उभ्या असल्या तरी शरीराचा खर्च एकीचा. भिंतींचंही तसंच, एकच दगड शहरभर.

आता सोबती आणि "पात्रं सुंदर करा" छाप मॉड घ्या. कर्त्याला आपल्या पात्राची त्वचा दुसऱ्या मॉडने बदललेली नको असते, म्हणून तो सगळं स्वतःच्या फोल्डरात घेऊन येतो. शरीराला चार टेक्स्चर, चेहऱ्याला चार, कपड्यांना चार धरू. बारा, सगळी 4K. बारा गुणिले 21.3 म्हणजे 256 एमबी, एका बाईचे. अशा आठ जणी बाजारात एकत्र आल्या की 2 जीबी गेले. पुष्कळदा त्यातल्या चौघींची त्वचा मुळात एकाच प्रसिद्ध मॉडवरून घेतलेली, बाइट न् बाइट तीच असते. पण वाटा चार, म्हणून चार वेळा चढते. तुमच्या लोडिंग स्क्रीन मॉडसारखं आपोआप जुळवणारं काही मी तरी स्कायरिममध्ये वापरलेलं नाही.

म्हणून मॉड किती आहेत किंवा फोल्डर किती जीबीचं आहे यावरून व्हीरॅम सांगता येत नाही. 300 मॉड नुसत्या स्क्रिप्ट आणि संवादांची असतील तर कार्डाला पत्ताही लागत नाही. आणि 180 जीबीच्या फोल्डरातलं निम्मं कदाचित कधीच चढत नसेल: तीन मॉड एकाच भिंतीला हात घालत असली तर जिंकतं एकच, बाकी दोघांच्या फाइली डिस्कवर पडून. मोजायचं ते हे की या क्षणी तुझ्या भोवती किती वेगवेगळी टेक्स्चर आहेत. गेम तुझ्याभोवतीचे 5 × 5 चौकोन पूर्ण चढवतो, त्यापलीकडे लांबची स्वस्त प्रत. जंगलात त्या पंचवीस चौकोनांत चार झाडं आणि दोन खडक पुन्हा पुन्हा येतात. शहरात प्रत्येक गाळ्यावर वेगळा माल. तुझा रिव्हरवूड-व्हाइटरन फरक तिथून येतो.

---

रानवारा

ताई, आकडे घेतले. तीनदा घेतले म्हणजे चूक नको.

रिव्हरवूड: Dedicated 5.1, Shared 0.3.
व्हाइटरन बाजार: Dedicated 5.8, Shared 3.1.
फास्ट ट्रॅव्हलच्या आधी Committed: 17.4/17.8. पुढच्या लोडिंगला गेम पडला.

हे 17.8 कुठून आलं? माझी रॅम 16 आहे.

---

मीनल_टी

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या 17.8 मध्येच आहे. 15.8 रॅमचे आणि 2 पेजफाइलचे, म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं त्या फाइलचे. कोणीतरी तुझी पेजफाइल 2 जीबीवर बांधून ठेवली आहे. विंडोजवर सोडली असती तर ती गरजेनुसार वाढली असती.

विंडोज प्रोग्रॅमला मेमरी देताना वचन देतं: एवढी जागा तुझी, तू कधीही वापर. त्या सगळ्या वचनांची बेरीज म्हणजे Committed. वचन दिलेलं सगळं लगेच वापरात येत नाही, म्हणून तुला "12.9 वापरात" दिसतं. पण रॅम अधिक पेजफाइल यांच्यापेक्षा जास्त वचन विंडोज देत नाही. गेमने नवीन शहरासाठी अर्धा जीबी मागितला, शिल्लक 0.4, विंडोजने नकार दिला, आणि या इंजिनाला नकार ऐकायची सवय नाही. ते तिथेच कोसळतं. तीन जीबी मोकळी होती, पण ती आधीच कोणाला तरी कबूल केलेली होती.

मॉडवाल्यांना हे जास्त का भोवतं तेही सांगते. व्हीरॅममध्ये बसलेल्या टेक्स्चरलाही उद्या तिथून बाहेर काढायची वेळ आली तर ठेवायला जागा लागते. त्यामुळे त्यांचाही भार Committed वर पडतो. 4K टेक्स्चर दोन्हीकडे जागा खातात.

खात्री करायची असेल तर Event Viewer उघड, Windows Logs, System, आणि `Resource-Exhaustion-Detector` शोध, इव्हेंट 2004. क्रॅशच्या वेळेशी जुळणारी नोंद सापडेल, आणि तिच्यात सगळ्यात जास्त मेमरी घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये SkyrimSE.exe चं नाव असेल.

---

रानवारा

सापडली! एक नाही, अकरा नोंदी. सगळ्या माझ्या क्रॅशच्या वेळच्या. सगळ्यात वर SkyrimSE.exe.

पेजफाइल आठवली आता. लॅपटॉप ज्या दुकानातून घेतला तिथल्या माणसाने "एसएसडी खराब होते, मी कमी करून देतो" म्हणून काहीतरी केलं होतं. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो, काही कळत नव्हतं, बरं म्हटलं. दोन आठवडे मी मॉड एकेक काढून तपासत बसलो, परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे.

---

भीमाकाठ

म्हणजे माझ्या मित्रांचं 32 केल्यावर थांबलं ते यामुळेच. रॅम वाढली म्हणून ती हद्द आपोआप वर गेली. पेजफाइल मी कधी बघितलीच नव्हती. पण एसएसडीचं काय? मला अजून वाटतं सारखं लिहून लिहून झिजते. रॅम घेतलेली बरी.

---

मीनल_टी

भीमाकाठ, तुमचं निम्मं बरोबर होतं आणि निकाल खरा होता. 32 ने क्रॅश थांबतो. बाजारातलं अडखळणं मात्र तसंच राहिलं असतं.

झिजण्याबद्दल: पेजफाइल मोठी ठेवली म्हणजे तिच्यात तेवढं लिहिलं जातं असं नाही. बहुतेक वेळा ती नुसती वचनाला तारण म्हणून पडून असते. खरोखर रॅम भरली तरच लिहिणं सुरू होतं. रानवाराची 12.9 च वापरात आहे. रॅम कायमच काठोकाठ असणाऱ्याचं लिहिणं जास्त होईल, त्याने रॅम घ्यावी, तिथे तुमच्याशी सहमत.

रानवारा, `Virtual memory` मध्ये जाऊन किमान 20480 आणि कमाल 40960 दे, ज्या एसएसडीवर जागा आहे तिथे. 20480 एमबी म्हणजे 20 जीबी. मग यंत्र बंद करून चालू कर.

---

धुळेकर

अच्छा, म्हणजे माझी 600 जीबी मोकळी जागा पेजफाइलला वापरली तर कार्डाची मेमरी वाढेल का? 4 जीबीचं कार्ड आहे.

---

सह्यकडा

नाही दादा. पेजफाइलने गेम पडणं थांबेल, कार्ड मोठं होणार नाही. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेली टेक्स्चर रॅममध्ये जाऊन बसतात, तेच रानवाराला दिसलेलं Shared 3.1. कार्ड आपल्या मेमरीतून सेकंदाला 300 जीबीच्या वर वाचतं. रॅममधून आणायचं तर पीसीआयईच्या अरुंद वाटेने, सेकंदाला 16 ते 32 जीबी. मान वळवली, नवीन भिंत दिसली, तिचं टेक्स्चर त्या वाटेने यायला लागलं आणि चित्र थांबलं. माझा आधीचा आक्षेप इथे लागू नाही, हे मी मान्य करतो. Dedicated भरलेलं असणं वेगळं आणि Shared तीन जीबीने फुगणं वेगळं.

---

रानवारा

पेजफाइल केली. Committed आता 25.6/35.8 दाखवतं. काल रात्री चार तास खेळलो, एकदाही पडला नाही. बाजारात मात्र अजून 24-25 एफपीएस, अगदी ताईंनी सांगितलं तसंच.

आता टेक्स्चर. सगळी 2K करून टाकू का एकदम? पॅनेलवर "4K" लिहिलेली मॉड काढायला जीव होत नाही, ती निवडण्यात महिना घालवलाय.

---

मीनल_टी

काढू नकोस, आणि सगळं एका फटक्यात 2K पण करू नकोस. डावाला 2K सुद्धा दहा एमबीच्या वर पडतं. डोंगरावरचा खडक आणि पायाखालची वाट मात्र पडदाभर दिसतात, तिथे 2K लागतं.

माझा क्रम असा: जमीन, डोंगर, घरांच्या भिंती 2K. माणसांची शरीरं 2K, चेहरा आवडत असेल तर फक्त आपल्या पात्राचा 4K. भांडी, टोपल्या, भाज्या, पुस्तकं 1K, लहानसहान 512. एवढ्यावर कोणी 1080p मध्ये फरक ओळखून दाखवावा.

हे एकदम करून देणारं व्हीरॅमर नावाचं साधन आहे, ते जिंकणारी टेक्स्चर तेवढी निवडून लहान करतं आणि वेगळ्या मॉडमध्ये ठेवतं. पण पहिल्यांदा एक फोल्डर हाताने कर म्हणजे काय घडतं ते दिसेल. texconv नावाचं साधन घे, कमांड प्रॉम्प्टमध्ये भांड्यांच्या फोल्डरात उभा राहा:

```
texconv.exe -w 512 -h 512 -m 0 -f BC7_UNORM -y -o D:\bhandi_512 *.dds
```

`-m 0` म्हणजे सगळे मिपमॅप नव्याने बनव. ते राहिले तर लांबून वस्तू चमचमते. D:\bhandi_512 हे फोल्डर आधी बनवून ठेव, मूळ फाइलींवर कधीही लिहू नकोस. नंतर त्या फाइली मॉड ऑर्गनायझरमध्ये नवीन मॉड करून, आत मूळ मॉडसारखीच फोल्डरांची वाट ठेवून, यादीत मूळ मॉडच्या खाली ठेव म्हणजे त्या जिंकतील. पटलं नाही तर टिक काढायची, मूळ जागेवर.

हे करताना एक बघ. काही मॉडमध्ये `_n.dds` सपाट निळसर रंगाचं असतं, एकही खाचखळगा नाही, आणि तरी 4096 चं. एवढे 21 एमबी नुसत्या एका रंगासाठी. माझ्याकडे एका चिलखतांच्या मॉडमध्ये अशी नऊ निघाली. आणि कधीकधी न दाबलेलं टेक्स्चर सापडतं, चारपट मोठं, एकटं 85 एमबीचं. फाइलींना आकारमानाप्रमाणे लावलं की ती सगळ्यात वर येतात.

टेक्स्चर अशी चालू खेळात बदलली तरी सेव्हला धक्का लागत नाही. `uGridsToLoad` ला मात्र हात लावू नकोस. कोणीतरी सांगेल 7 कर, लांबचं छान दिसतं. 25 चे 49 चौकोन होतात आणि तो आकडा सेव्हमध्ये रुजतो, मागे आणणं अवघड.

---

शहरवेडा

हे सपाट टेक्स्चरचं आमच्याकडेही आहे. एका बाकड्याला 4K. आता सगळी यादी आकारमानाने लावून बघतो.

---

रानवारा

शनिवार-रविवार यातच गेला. भांडी हाताने केली, बाकी सगळं व्हीरॅमरने. त्याला सव्वातीन तास लागले.

व्हाइटरन बाजार, तोच सेव्ह, तीच जागा: Dedicated 4.9, Shared 0.4. एफपीएस 52 ते 60. मान वळवली तर गोठत नाही. Committed 19.2 वर आलं, म्हणजे टेक्स्चर लहान केल्याने तिकडचाही भार उतरला. खानावळीत जाऊन तो डाव मुद्दाम जवळून बघितला. मला तरी फरक दिसला नाही. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची अक्षरं थोडी पुसट वाटली, ते परत 2K केलं.

एक राहिलंय. सुरुवातीला Dedicated 4.9 असतं, दोन-अडीच तास हिंडल्यावर त्याच जागी परत आलो तर 5.6. जागा तीच, माणसं तीच. हे वाढतं कशामुळे?

---

सह्यकडा

गेम सोडून आलेले चौकोन लगेच टाकून देत नाही, काही राखून ठेवतो. Skyrim.ini मध्ये `uExterior Cell Buffer=36` असतं, ते त्याचंच. कन्सोलमध्ये `pcb` टाइप करून बघ, राखलेले चौकोन रिकामे होतात. माझ्याकडे त्यानंतर आकडा अर्धा जीबीने खाली येतो.

---

मीनल_टी

माझ्याकडे `pcb` ने रॅम थोडी उतरते, व्हीरॅमला फारसा फरक पडलेला मी पाहिला नाही. ड्रायव्हरने धरून ठेवलेली जागाही असू शकेल, किंवा एखादं मॉड आपलं टेक्स्चर सोडत नसेल. रानवारा, पुढच्या वेळी 5.6 झाल्यावर आधी Shared बघ. ते 0.4 च असेल तर मी हात लावणार नाही. वाढलेलं असेल तर `pcb` च्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे इथे टाक, आणि कोणते सोबती बरोबर होते तेही लिही.

---

रानवारा

परवा संध्याकाळी प्रॅक्टिकल संपतं. त्यानंतर सलग तीन तास बसतो, दर अर्ध्या तासाला आकडे घेतो. पहिल्यांदा सोबत्यांशिवाय, मग तिघींना घेऊन.

---

धुळेकर

मी पण टास्क मॅनेजर बघितला. Dedicated 3.9/4.0, Shared 2.6. Committed 14.1/31.7. म्हणजे माझा फक्त पहिला आजार, बरोबर ना ताई?

---

मीनल_टी

बरोबर धुळेकर. पेजफाइलला हात लावू नका. 4 जीबीला माझी मापं निम्मी करा: जमीन आणि भिंती 1K, भांडी 512. आणि व्हीरॅमर लावायच्या आधी फाइली आकारमानाने लावून वरच्या वीस बघा. त्या कोणत्या निघाल्या ते इथे लिहा.